बोरीची राख आणि पुण्याचा 'झोपलेला' ज्वालामुखी

जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे सर मागच्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे आले. हातात दुधाच्या पिशवीत बांधलेली मूठभर पांढुरकी पूड. कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ काळ्या-तपकिरी गाळाच्या थरांत एक फिकट पट्टा दिसतो, तिथून खाली घसरून पडलेला हा भुगा. टेबलावर पिशवी सोडत ते म्हणाले, "मॅडम, ही ज्वालामुखीची राख आहे, एवढं मला पक्कं माहीत आहे. नदीच्या गाळात सापडते म्हणजे लाव्हा थंड झाल्यावर, नदी वाहायला लागल्यावर पडलेली. मग आपल्या पुणे जिल्ह्यातला ज्वालामुखी मेलेला कसा? तो झोपलेला आहे, असंच म्हणायला हवं ना?"

शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा काढायचा होता. जागृत ज्वालामुखी लाल, निद्रिस्त पिवळा, मृत करडा. अंदमानच्या समुद्रातल्या बॅरन बेटाला लाल रंग देऊन झाला होता. पुण्यापाशी मुलांनी करडा घेतला आणि सरांनी तो थांबवला, कारण त्यांच्या खिशात ही राख होती.

मला प्रश्न आवडला. तर्कात चूक नव्हती, फक्त मधली एक पायरी गाळलेली होती. राख इथे पडली यावरून ती इथूनच निघाली, असं सर धरून चालले होते. ती पायरी तपासायची तर आधी पूड खरंच राख आहे का, इथपासून सुरुवात करावी लागते, कारण आपल्या नद्यांच्या गाळात पांढरं म्हणून जे दिसतं त्यातलं बहुतेक चुनखडीच असतं.

त्यासाठी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पुरतो. चुनखडी असेल तर फसफसते. सरांची पूड कडेला जरा फसफसली, बाकी थंडच राहिली. मग चिमूटभर पूड धुऊन, मातीचा गढूळपणा काढून, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. चंद्रकोरीसारखे बाकदार तुकडे, काही तीन टोकांचे, सगळे पारदर्शक आणि धारदार. ध्रुवित प्रकाशात पाहिलं की स्फटिक रंगीत चमकतात, हे तुकडे मात्र काळे पडले. म्हणजे काच. फसफसणाऱ्या वितळरसात वायूचे बुडबुडे फुटतात तेव्हा बुडबुड्यांच्या भिंतींचे जे कपचे उडतात, तेच हे बाकदार तुकडे. तीन बुडबुडे जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तिथला तुकडा तीन टोकांचा निघतो. सर बराच वेळ डोळा लावून बसले होते. राख असल्याचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

आता ती कुठली, हे पाहायचं.

पुण्याच्या आसपासचा दगड म्हणजे काळा पाषाण, बेसॉल्ट. त्यात सिलिकाचं प्रमाण साधारण पन्नास टक्के. असा रस पातळ असतो, वाहतो, त्यातला वायू फारसा अडकत नाही. म्हणून सह्याद्रीत उंच शंकूसारखे डोंगर तयार झाले नाहीत. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून रस वर आला आणि थरावर थर पसरत गेला. वेताळ टेकडी, पर्वती, सिंहगड यांचे सपाट माथे आणि पायऱ्यांसारखे कडे हे त्या आडव्या थरांना पाण्यानं कापल्यामुळे झालेले आहेत. यातल्या एकाही टेकडीच्या पोटात विवर नाही. पर्वती हे ज्वालामुखीचं तोंड होतं, असं मला दर दोन वर्षांनी कोणीतरी सांगतं आणि टेकडीचा आकारच पुरावा म्हणून दाखवतं. खरी तोंडं पाहायची असतील तर नाशिक-पुणे पट्ट्यात, विशेषतः संगमनेरच्या बाजूला जावं. तिथे थरांना उभे छेदून गेलेल्या दगडी भिंती दिसतात. भेगेत अडकून थिजलेला रस तो. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. त्यांतल्या काहींतूनच वरच्या थरांना रस पुरवला गेला.

बोरीच्या काचेत सिलिका सत्तर टक्क्यांच्या बरीच वर आहे. हा रायोलाइट जातीचा रस. घट्ट, चिकट, वायू कोंडून ठेवणारा आणि म्हणून फुटताना आकाशात उडणारा. एकाच भेगेतून आज बेसॉल्ट आणि उद्या असला रस, असं सहज होत नाही.

इथे सरांनी मला बरोबर अडवलं. "पण मुंबईला मढ-मनोरीकडे रायोलाइट आहे की, मॅडम." आहे, आणि तो दख्खनच्या ज्वालामुखी काळाच्या शेवटाशीच जोडलेला आहे. पण त्याचं वय सहा कोटी वर्षांच्या वर जातं. ज्वालामुखीची काच इतकी टिकत नाही. पाणी लागलं की ती हळूहळू चिकणमाती होते. बोरीची काच अजून धारदार आहे आणि ती नदीच्या गाळात, आदिमानवाच्या दगडी हत्यारांच्या संगतीत सापडते. मुंबईच्या रायोलाइटशी तिचा संबंध लावता येत नाही.

मग जवळपास दुसरं एखादं तोंड असेल का? तोंड जवळ असेल तर राखेबरोबर खडे, प्यूमिस म्हणजे बुडबुड्यांनी पोकळ झालेल्या हलक्या दगडाचे गोटे, जड स्फटिक पडतात आणि तोंडाकडे जाल तसा थर जाड आणि भरड होत जातो. इथे तसं काहीच नाही. दाणा पिठासारखा बारीक. बोरीचा थर जाड दिसतो म्हणून लोक फसतात. पण ती सगळी जाडी आकाशातून पडलेली नाही. आजूबाजूच्या उतारांवर पडलेली राख पावसानं धुऊन नदीत आली आणि संथ पाण्यात साचली. असाच थर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कऱ्हेकाठी मोरगावला आहे. मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात आहे, आंध्रात आहे, बंगालच्या उपसागराच्या तळाशीही आहे. काचेचं रसायन जुळवत गेलं की सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जातात: सुमात्रा बेटावरचा टोबा. जुन्नरपासून सरळ रेषेत सव्वातीन हजार किलोमीटरच्या आसपास.

सर गप्प झाले, आणि मग जे बोलले ते मला अजून आठवतं. "म्हणजे पाहुणी राख."

पाहुणी कधी आली, यावर मात्र भांडण आहे, आणि ते सांगितल्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. १९८०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी बोरीच्या राखेवर काम सुरू केलं. त्या राखेचं पहिलं वय सुमारे १४ लाख वर्षं आलं. नंतरच्या मोजणीत ते ६-७ लाखांवर आलं. पुढे काचेच्या अभ्यासातून काहींनी ती टोबाच्या सर्वांत अलीकडच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७४-७५ हजार वर्षांपूर्वीची ठरवली. ते सर्वांना पटलं असं नाही. काहींच्या मते ती टोबाच्याच आधीच्या एखाद्या स्फोटाची आहे. शेजारची दगडी हत्यारं किती जुनी, हे राखेच्या वयावर अवलंबून असल्यामुळे पुरातत्त्ववाल्यांनाही हा वाद सोडत नाही.

एकाच राखेची वयं इतकी वेगळी कशी येतात? पोटॅशियमचा एक प्रकार अतिशय सावकाश आरगॉन वायूत बदलतो. दगड वितळलेला असताना वायू निघून जातो, थिजला की आत साठू लागतो. साठलेला वायू मोजला की थिजून किती काळ झाला ते कळतं. आता अशी कल्पना करा, की राख ७४ हजार वर्षांची आहे, पण नदीनं तिच्यात आजूबाजूच्या साडेसहा कोटी वर्षांच्या दगडाचे कण मिसळले. नमुन्यातल्या एकूण पोटॅशियमपैकी फक्त २ टक्के त्या जुन्या कणांचं असलं तरी नमुन्याचं वय सव्वातेरा-चौदा लाख वर्षांच्या घरात दिसेल. बेसॉल्टमध्ये पोटॅशियम कमी असतं, त्यामुळे वजनानं भेसळ बरीच जास्त लागेल, आणि बोरीच्या पहिल्या मोजणीत नेमकं हेच झालं असं मी म्हणत नाही. पण नदीच्या गाळातल्या राखेला मूठभर एकत्र घेऊन मोजण्यातला धोका हा असा आहे. म्हणून पुढे एकेक स्फटिक वेगळा काढून मोजायची पद्धत आली.

आता सरांच्या मूळ प्रश्नाकडे. राख पाहुणी निघाली, म्हणून पुण्याचा ज्वालामुखी आपोआप मृत ठरत नाही. तो वेगळा सिद्ध करावा लागतो.

शाळेच्या पुस्तकात जागृत, निद्रिस्त, मृत अशा तीन खुंट्या असतात आणि प्रत्येक डोंगर कुठल्यातरी खुंटीला टांगायचा असतो. प्रत्यक्षात 'निद्रिस्त' या शब्दाची सर्वमान्य व्याख्याच नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेची जगभरच्या ज्वालामुखींची यादी बहुतेक जण आधाराला घेतात. तिच्यात रेषा मारलेली आहे ती गेल्या सुमारे ११,७०० वर्षांवर, म्हणजे शेवटचं हिमयुग ओसरल्यापासूनच्या काळावर. या काळात उद्रेक झाल्याचा पुरावा असेल तर तो ज्वालामुखी एका यादीत, नसेल तर दुसऱ्या. रेषा सोयीची आहे. पृथ्वीच्या पोटातल्या रसाला हिमयुगाशी काही देणंघेणं नाही.

ही रेषा कुठे लंगडी पडते ते पाहायला टोबाच घ्या. ७४ हजार वर्षं मोठा स्फोट नाही, म्हणजे रेषेच्या पार बाहेर. पण त्याआधीचे त्याचे मोठे स्फोट सुमारे ५ लाख आणि ८ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. ज्याच्या दोन मोठ्या स्फोटांत तीन-चार लाख वर्षं जातात, त्याला ७४ हजार वर्षांची शांतता म्हणजे डुलकी. त्या सरोवरातलं सामोसिर बेट तळातून वर उचललं गेलं आहे, इतकं की सरोवराच्या तळाचा गाळ आज डोंगरमाथ्यावर सापडतो. काठाला गरम झरे आणि वाफा आहेत. भूकंपलहरींच्या अभ्यासात खाली अर्धवट वितळलेल्या रसाचे साठे दिसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भारतीय महासागराचा तळ सुमात्राखाली आजही सरकतो आहे. नवा रस तयार करणारी भट्टी पेटलेली आहे. त्याला मृत म्हणायची कोणाची हिंमत नाही.

भट्टीची हीच ओळ उत्तरेला अंदमानाच्या समुद्रात येते आणि तिच्यावर आपलं बॅरन बेट बसलेलं आहे. पाण्यावर जेमतेम साडेतीनशे मीटर दिसणारा, पण समुद्रतळापासून दोन हजार मीटरांहून उंच उठलेला डोंगर. १७८७ पासून त्याचे उद्रेक जहाजांवरच्या लोकांनी नोंदवले. १८३२ नंतर मात्र दीडशेहून अधिक वर्षं त्याचा मोठा आवाज आला नाही. १९८०च्या सुमारास कोणी सरांसारखा नकाशा रंगवला असता तर बॅरनला पिवळा, कदाचित करडाही रंग दिला असता आणि कोणाला ते खटकलं नसतं. १९९१च्या मार्चअखेर तो फुटला आणि काही महिने चालू राहिला. मग १९९४-९५, २००५ आणि पुढे पुन्हा पुन्हा. २०१७च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं जहाज नमुने घेत असताना त्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत राख उडवली.

या दोघांमुळे माझा एक आग्रह झाला आहे, आणि तो मी सरांपुढेही धरला. डोंगर किती वर्षं गप्प आहे हे विचारू नका. त्याच्या स्वतःच्या जुन्या चालीच्या मानानं तो किती गप्प आहे आणि खालून रस येण्याची सोय शिल्लक आहे का, हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाला मी जास्त वजन देते.

त्या दोन प्रश्नांवर दख्खन घासून पाहू. पुण्याभोवतीचे थर साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यातला मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आत ओतला गेला. दोन थरांमध्ये कधी कधी थांबा असायचा. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या थरांमध्ये विटेसारखी तांबडी पट्टी दिसते, ती त्या थांब्यातली. खालच्या लाव्ह्याचा वरचा भाग हवा-पाण्यानं कुजून झालेली माती, वर नवा लाव्हा येऊन भाजलेली. म्हणजे थांबे हजारो वर्षांचे असू शकत होते. पण त्या चालीत साडेसहा कोटी वर्षांचा थांबा बसत नाही. तो शेवटच म्हणावा लागतो.

भट्टीचं काय? दख्खनचा रस ज्या तप्त ठिकाणावरून आला असं बहुतेक मानतात, ते आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकत राहिला आणि ते ठिकाण मागे राहिलं. समुद्रात छिद्रं पाडून काढलेले दगड बघितले की माग लागतो. मालदीवखालचा दगड सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, छागोसचा सुमारे ४.९ कोटी, मॉरिशसचा कोटीच्या आत, रियुनियनचा त्याहून कोवळा. रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ आजही वारंवार पेटतो. पुण्याखालची चूल विझली नाही, आपणच चुलीवरून साडेचार हजार किलोमीटरांहून दूर निघून आलो आहोत. सरांच्या नकाशात करडा रंग पक्का होतो तो इथे.

"मग उन्हवऱ्याचं गरम पाणी? आणि कोयनेचे धक्के?" सर हे विचारणारच होते. दोन्ही गोष्टी व्हॉट्सअ‍ॅपवर दर धक्क्यानंतर फिरतात.

कोकणातली गरम पाण्याची कुंडं एका ओळीत आहेत ती खोल भेगांमुळे. पावसाचं पाणी भेगांतून खाली उतरतं. खोल जाल तसं तापमान वाढतंच, कुठेही वाढतं. तिथे तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेनं लवकर वर आलं की कुंड. त्यासाठी खाली वितळलेला रस असावा लागत नाही. कोयनेला ११ डिसेंबर १९६७चा मोठा धक्का आणि त्यानंतर आजपर्यंतचे छोटे धक्के हे जुन्या भेगांवरचे आहेत आणि जलाशयाच्या पाण्याच्या चढउताराशी त्यांचं नातं दिसतं. शिलारस वर चढत असता तर नुसते धक्के आले नसते. धक्क्यांची जागा महिनोन्‌महिने उथळ होत आली असती, अधूनमधून सततची घुरघुर नोंदली गेली असती, जमीन काही सेंटिमीटर फुगलेली उपग्रहानं पाहिली असती आणि गंधकाचा वायू सुटला असता. कोयनेला खोल छिद्र घेतलं तेव्हा सुमारे ९३० मीटरवर लाव्ह्याचे थर संपले आणि खाली जुना ग्रॅनाइट लागला. थंड, कडक, घट्ट ग्रॅनाइट.

एका ठिकाणी मी सरांना हवं तसं उत्तर देऊ शकले नाही. बॅरनच्या उत्तरेला नारकोंडम बेट आहे. सातशे मीटरांहून थोडा उंच डोंगर, गच्च जंगल, तिथल्याच एका जातीच्या धनेशासाठी प्रसिद्ध. त्याच्या उद्रेकाची एकही खात्रीची लेखी नोंद नाही. पावसानं डोंगर बराच झिजवला आहे, म्हणजे जुना वाटतो. पण तो बसलाय त्याच पेटत्या ओळीवर. पहिला प्रश्न त्याला मृत म्हणायला सांगतो, दुसरा थांबायला सांगतो. आपल्याकडे त्याला सहसा निद्रिस्त म्हणतात. मी विचाराल तर त्याला पिवळाच देईन, पण पिवळ्याचा अर्थ 'झोपला आहे' असा नाही, 'ठरवता येईल इतका पुरावा हातात नाही' असा.

महिन्याभरानं सरांनी भिंतीचा फोटो पाठवला. बॅरन लाल. पुणे करडं, आणि तिथून एक तुटक रेघ समुद्रात दक्षिणेला रियुनियनपर्यंत. जुन्नरपाशी पांढरा ठिपका आणि त्याखाली मुलांच्या अक्षरात: 'राख. मूळ गाव टोबा. वय ७४ हजार वर्षे किंवा जास्त, वाद चालू.' नारकोंडम अर्धं पिवळं, अर्धं कोरं सोडलेलं. पिशवीतली उरलेली पूड मी त्यांना परत दिली आहे. नदीकाठचा थर मात्र आता खणू नका, असंही सांगितलंय. दर पावसाळ्यात तो तसाही थोडाथोडा ढासळतो आहे.